कितवा, चीक, पान्हा: ब्रिटनमधल्या मराठी बाळंतपणाची भाषा

ब्रिटनमध्ये मराठी मुलीचं बाळंतपण म्हटलं, की भाषेची अडचण तिची आणि मिडवाइफची असणार असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ती तिथे नसतेच. हॅरो, स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी आज बाळंत होणाऱ्या मराठी मुली संगणकाच्या कंपन्यांत, बँकांत, कधी खुद्द एनएचएसमध्ये नोकरी करतात. इंग्रजीवाचून त्यांचं काही अडत नाही. अडतं ते तिसऱ्या माणसापाशी. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आई किंवा सासूबाई येतात. घरातली शेगडी, लाडू, मालिश, पाजण्याच्या वेळा हे सगळं त्यांच्या ताब्यात जातं, आणि त्यांची बाळंतपणाची भाषा वेगळी असते. मिडवाइफ सांगते एक आणि आईला कळतं दुसरं. या दोघींची दुभाषी कोण, तर टाके दुखत असलेली, तीन रात्री न झोपलेली ती बाळंतीण.

शिवाय मराठीही एक नाही, दोन आहेत. एक कागदावरची. तिच्यात ट्रायमेस्टरला तिमाही म्हणतात, लॅक्टेशनला दुग्धस्रवण आणि पाजणाऱ्या बाईला स्तनदा माता. सरकारी भित्तिपत्रकांत आणि पाठ्यपुस्तकांत ही मराठी व्यवस्थित नांदते, पण तिमाही म्हटल्यावर घरात परीक्षा आठवते नाहीतर बँकेचा निकाल. दुसरी घरची. दिवस राहणं, कितवा लागणं, पाणमोट, वार, चीक, पान्हा, वरचं दूध ही तिची शब्दसंपत्ती. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला यातलं डोहाळजेवण फोटोंमुळे ठाऊक असतं. वार म्हणजे काय, हे विचारलं तर ती गडबडते.

या दोन्ही मराठी आणि रुग्णालयाची इंग्रजी शेजारी ठेवून पाहिली, तर नुसत्या प्रतिशब्दांच्या यादीने भागत नाही हे लवकरच लक्षात येतं. काही ठिकाणी घरची मराठी ढोबळ आहे आणि रुग्णालयाचं मोजमाप बारीक. दुधाच्या बाबतीत नेमकं उलटं आहे, तिथे घरची मराठी अधिक तल्लख आहे. आणि एकदोन शब्द असे, की त्यांच्या पोटात एक जुनी आज्ञा दडलेली असते. शब्द उच्चारला की ती आज्ञा आपोआप पाळली जाते.

सुरुवात मोजणीपासून करू. घरी प्रश्न असतो, ‘कितवा?’ आणि उत्तर असतं, ‘सातवा लागला.’ एनएचएसमध्ये महिना कोणी विचारत नाही. तिथे आठवडे आणि वरचे दिवस सांगायचे, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या पहिल्या स्कॅनमध्ये बाळाची लांबी मोजतात आणि तारीख पक्की करतात.

समजा, शेवटची पाळी 1 जानेवारी 2025 ला आली. 280 दिवस धरले तर तारीख येते 8 ऑक्टोबर. आई बोटांवर मोजते: 1 जुलैला सहा महिने पुरे झाले, सातवा लागला. मिडवाइफच्या नोंदीत त्या दिवशी पंचवीस आठवडे आणि सहा दिवस झालेले असतात. जुलै संपताना, म्हणजे सातवा सरताना, तीस आठवडे उलटून गेलेले असतात. आता एनएचएसच्या हिशेबात तिसरी तिमाही अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून, म्हणजे या उदाहरणात 16 जुलैला सुरू होते. सातवा महिना दोन तिमाह्यांत असा मधोमध चिरला जातो. ‘सातवा’ या शब्दावरून बाई अलीकडे आहे की पलीकडे, ते कळत नाही. आणि काही घरांत मोजणी चुकलेल्या पाळीपासून होते, तेव्हा आणखी एका महिन्याचा फरक पडतो.

एवढ्याने काय बिघडतं? सातव्यात फारसं नाही. फार तर माहेरी जायचं तिकीट अडतं, कारण अठ्ठावीस आठवड्यांनंतर विमान कंपन्या मिडवाइफची किंवा डॉक्टरची चिठ्ठी मागू शकतात, आणि आईच्या हिशेबी मुलगी ‘अजून सातव्यातच’ असते. बिघडतं ते नवव्यात. याच उदाहरणात 1 सप्टेंबरला आई म्हणते, ‘नववा लागला, आता कधीही.’ त्या दिवशी चौतीस आठवडे आणि पाच दिवस झालेले असतात. सदतीस आठवडे पुरे होतात 17 सप्टेंबरला. तोवर आलेलं बाळ रुग्णालयाच्या लेखी अपुऱ्या दिवसांचं. म्हणजे नवव्या महिन्याचा पहिला पंधरवडा घरच्या भाषेत दिवस भरत आल्याचा आणि वैद्यकाच्या भाषेत धोक्याचा. 5 सप्टेंबरच्या रात्री पोटात कळ आली, तर आई ओव्याचं पाणी देऊन ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणेल. तिचं गणित तिच्या परीने बरोबर असतं. पण सदतीस आठवड्यांच्या आत कळा किंवा पाणी सुरू झालं, तर रात्रीचे कितीही वाजले असले तरी ताबडतोब फोन करायचा असतो. घरात कॅलेंडरवर एकच तारीख ठळक करून ठेवायची असेल, तर माझ्या मते ती प्रसूतीची नव्हे, सदतीस आठवडे पुरे होण्याची.

पहिल्या तिमाहीत वेगळीच गाठ आहे. ‘तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही’ हा आपला रिवाज. नातेवाइकांपुरता तो ठीक. पण मिडवाइफची पहिली भेट दहा आठवड्यांच्या आत व्हावी असं इंग्लंडमध्ये अपेक्षित असतं, आणि फॉलिक अॅसिडची रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी बारा आठवड्यांपर्यंतच खरी कामाची. गुपित फुटेपर्यंत ती वेळ निघून जाते.

मधल्या महिन्यांतली एक तपासणी मात्र नीट सांगायला हवी, कारण पुढे चिकाशी तिचा संबंध येतो. ज्या समाजांत मधुमेह जास्त आढळतो त्या समाजांतल्या गरोदर स्त्रियांची साखर चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात तपासावी, असा नाइस या संस्थेचा दंडक आहे, आणि दक्षिण आशियाई म्हणून मराठी बाया त्यात येतात. उपाशीपोटी रक्त घेतात, मग 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. उपाशीपोटी 5.6 किंवा दोन तासांनी 7.8 असा आकडा भरला, की निदान होतं गरोदरपणातल्या मधुमेहाचं. घरी याला ‘साखर निघाली’ म्हणतात. आकडे ऐकून आईला ते फारच कमी वाटतात. भारतात साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, इथे मिलिमोलमध्ये. अठराने गुणलं की ओळखीचा आकडा मिळतो: 5.6 म्हणजे साधारण शंभर, 7.8 म्हणजे एकशेचाळीस.

कळांचे शब्द भराभर पाहून पुढे जाऊ. मिडवाइफला सुईण म्हटलं की घरचे बिचकतात, ‘डॉक्टर का येत नाहीत?’ म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1902 च्या कायद्यापासून हा नोंदणीकृत व्यवसाय आहे, आज त्यासाठी पदवी लागते, आणि सरळ बाळंतपण पहिल्यापासून शेवटपर्यंत मिडवाइफच करते. डॉक्टर न दिसणं हे इथे सगळं ठीक चालल्याचं लक्षण. महाराष्ट्रात डॉक्टर ‘पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलंय’ म्हणतात, तेव्हा एक बोट साधारण दीड सेंटिमीटरचं धरलेलं असतं. इथे सेंटिमीटरच सांगतात, आणि नियमित कळांबरोबर चार सेंटिमीटर झाल्याशिवाय खरी प्रसूती सुरू झाली असं मानत नाहीत. म्हणून दोन बोटं उघडलेल्या बाईला घरी परत पाठवतात आणि सासूबाई हादरतात. पाणमोट फुटली तर ‘पाणी गेलं’ एवढं सांगून भागत नाही. रंग सांगावा लागतो. फिकट, वाळक्या गवताच्या रंगाचं असेल तर एक गोष्ट. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते, आणि मग घरी थांबायचं नसतं.

एक समज इथे खोडलाच पाहिजे. ‘दिवस भरत आले की जागा कमी होते, बाळ शांत होतं,’ असं मराठी घरांतून सर्रास सांगतात. एनएचएस याच्या नेमकं उलट सांगते. बाळाची हालचाल शेवटपर्यंत, कळा चालू असतानाही, जाणवत राहायला हवी. ती नेहमीपेक्षा कमी झाली तर थंड पाणी पिऊन, डाव्या कुशीवर पडून सकाळची वाट पाहायची नाही, त्याच वेळी फोन करायचा. मिडवाइफ आकडा मागत नाही. ‘रोजच्यासारखं फिरत नाही’ हे वाक्य तिला पुरतं.

आता चीक.

बाळ झाल्यावर वार पडते. घरच्या भाषेत वार पडली की सुटका झाली. शरीराच्या दृष्टीने त्याच क्षणी दुधाचं काम सुरू होतं. गरोदरपणाच्या मध्यापासून स्तनांत चीक तयार असतो, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन दुधाला रोखून धरतं. वार गेली, ते उतरलं, की दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध यायला उशीर होतो. चौथ्या-पाचव्या दिवशीही छाती मऊच असेल आणि रक्त जास्त जात असेल, तर मिडवाइफला या दोन गोष्टी एकत्र सांगायला हव्यात. सिझेरियन, खूप रक्तस्राव, मधुमेह यांनीही उशीर होतो.

हे दोन-चार दिवसांचं अंतर जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाईला दूध तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री सुरू होतं असं म्हटलं आहे. निरीक्षण अचूक. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र असा, की तोवर बाळाला मध-तूप चाटवावं. चीक दूध नव्हे, तेव्हा तो हिशेबात धरायचा नाही, हा समज एवढा जुना आहे. महाराष्ट्रात पुढे त्याची रूपं झाली: मधाचं बोट, गुळाचं पाणी, साखरेच्या पाण्यात बुडवलेला कापूस. पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं, मग पाजायचं.

शब्दानेही यात हात दिला असावा असं मला वाटतं. मराठीत चीक म्हणजे झाडाचा चिकट रस. कच्च्या पपईचा, वडाचा, हाताला लागला तर खाज आणणारा. गहू भिजवून कुरडयांसाठी काढतात तोही चीक. व्यालेल्या गाईचा चीक तेवढा मौल्यवान, कारण त्याचा खरवस होतो. बाईच्या अंगावरचा पहिला चिकट, पिवळसर थेंब यातल्या पहिल्या ओळीत जाऊन बसला: कच्चा, जड, बाळाला न पचणारा.

प्रत्यक्षात तो सगळ्यात सहज पचतो. त्यात साखर आणि चरबी कमी, प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं भरपूर असतात. पिवळा रंग कॅरोटिनचा. तो सारक असतो, त्यामुळे बाळाची डांबरासारखी काळी शी लवकर बाहेर पडते आणि काविळीचा जोर कमी राहतो. पहिल्या दिवशी एका वेळी फार तर चमचाभर निघतो. आई तो चमचा बघते आणि म्हणते, ‘एवढ्याने पोट कसं भरणार?’ बाळाच्या पोटाला पहिल्या दिवशी एका वेळी त्याहून जास्त लागतच नाही.

ब्रिटनमध्ये आता याच्याही पुढचं पाऊल टाकतात, आणि तिथे मराठी घरांत खरी झटापट होते. छत्तीस-सदतीस आठवडे झाले की काही गरोदर स्त्रियांना हाताने चीक काढून साठवायला शिकवतात. कोणाला? मुख्यतः जिची साखर निघाली तिला. आईच्या रक्तात साखर जास्त असते तेव्हा पोटातलं बाळ ती आटोक्यात ठेवायला इन्शुलिन जास्त बनवतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, इन्शुलिन मात्र काही तास तसंच राहतं आणि बाळाची साखर घसरते. म्हणून अशा बाळाला जन्मानंतर अर्ध्या तासात आणि मग दर दोन-तीन तासांनी पाजायचं, आणि पाजण्यापूर्वी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायची. आकडा 2 च्या खाली राहिला तर बाळ नवजात विभागात जातं. त्या वेळी बाळ ओढत नसेल, तर साठवलेला चीक उपयोगी पडतो. नाहीतर पावडरचं दूध द्यावं लागतं.

रीत साधी आहे. गरम पाण्याच्या कपड्याने छाती शेकायची. अंगठा आणि बोटं बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, इंग्रजी सी अक्षरासारखी धरून दाबायची आणि सोडायची. बोटं कातडीवर घासायची नाहीत. पहिल्या दिवसांत थेंबच येतात. एक मिलिलिटरच्या सिरिंजने ते टिपून घ्यायचे, टोपण लावायचं, नाव, जन्मतारीख, काढल्याची तारीख लिहायची आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. दवाखान्यात जाताना त्या सिरिंजा थंड पिशवीत घालून न्यायच्या. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत (2017 साली ती लॅन्सेटमध्ये छापून आली) मधुमेह असलेल्या, पण दुसरी जोखीम नसलेल्या स्त्रियांनी छत्तीस आठवड्यांपासून चीक काढला तर बाळाला अपाय झाला नाही, असं दिसलं. अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याचा धोका असेल, पिशवीला टाका घातला असेल किंवा वार खाली असेल, तर मात्र हे करायचं नसतं. म्हणून मिडवाइफला विचारल्याखेरीज सुरुवात नको.

आईचा आक्षेप ठरलेला. ‘आधीच काढून ठेवलं तर बाळाला उरेल काय?’ उरतो. चीक ठरावीक मापाचा साठा नसतो. दूध येईपर्यंत तो बनत राहतो. आणि पहिले काही दिवस थेंबही आला नाही, तरी पुढे दूध कमी येईल असं नाही.

इंग्रजी आणि कागदी मराठी जिथे उण्या पडतात, ती जागा आता येते. लॅक्टेशन या एका शब्दात जे सगळं कोंबलेलं आहे, त्याचे घरच्या मराठीत निदान चार वेगळे प्रश्न आहेत. ‘दूध उतरलं नाही’ म्हणजे अजून भरून आलं नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत ही तक्रार नव्हेच. ‘पान्हा येत नाही’ म्हणजे दूध आहे, पण सुटत नाही. पान्हा हा शब्द आपल्याकडे गोठ्यातून आला. वासरू लुचल्याशिवाय गाय दूध सोडत नाही, हे धार काढणाऱ्याला माहीत होतं, आणि शास्त्राला ऑक्सिटोसिनबद्दल जे म्हणायचं आहे ते हेच. दुखणं, थंडी, लाज, भीती यांनी पान्हा अडतो. बाळाच्या रडण्याने, अंगाच्या उबेने तो फुटतो. ‘बाळ ओढत नाही’ म्हणजे दोष दुधात नाही, धरण्यात आहे. तोंड पुरेसं उघडत नाही, हनुवटी छातीला टेकत नाही, नुसतं बोंड चघळलं जातं आणि बाईला कळ येते. आणि ‘दूध पुरत नाही’ म्हणजे सगळं होऊनही बाळ वाढत नाही. हे नुसतं डोळ्यांनी कळत नाही, वजनाने कळतं.

मुलगी हे सगळं मिडवाइफला सांगताना एकच वाक्य बोलते: ‘नो मिल्क’. मग उत्तरही एकच येतं. चार प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत. उतरलं नसेल तर वारंवार लावत राहायचं. पान्हा अडत असेल तर बाळ उघड्या अंगाशी धरून, खोली उबदार करून, बघ्यांना बाहेर काढायचं. ओढत नसेल तर कोणीतरी समोर बसून एक पाजणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायचं आणि बाळाची पकड सुधारायची. सासूबाई मराठीत नेमकं काय म्हणाल्या, तेच साध्या इंग्रजीत सांगावं. ‘दूध आहे, पण बाळ ओढत नाही, कळ येते,’ एवढं म्हटलं तरी मिडवाइफला काय पाहायचं ते कळतं.

पुरतं की नाही, याचं एक उदाहरण. मुलगी जन्मली तेव्हा वजन 3.2 किलो. पाचव्या दिवशी मिडवाइफने घरी येऊन वजन केलं: 2.86. घट 340 ग्रॅम, म्हणजे दहा टक्क्यांच्या किंचित वर. पहिल्या दिवसांत बहुतेक बाळांचं वजन उतरतं आणि तीन आठवड्यांत ते भरून यावं लागतं. दहा टक्क्यांवर गेलं की मिडवाइफ कारण शोधते. ती लंगोट विचारते. पाचव्या दिवसानंतर दिवसात सहा तरी जड, ओले लंगोट हवेत, आणि काळी शी मधल्या हिरवट रंगातून जाऊन आता पिवळी, मोहरीच्या दाण्यांसारखी झालेली हवी. या बाळाचे ओले लंगोट तीन, शी अजून हिरवट, आणि पाजताना गिळण्याचा आवाज नाही. आईचं निदान तयार असतं: दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. मिडवाइफ एक पाजणं पाहते आणि तिला दिसतं की बाळ फक्त बोंड धरतंय. पकड सुधारली. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, पाजून झाल्यावर हाताने काढलेलं दूध चमच्याने द्यायचं, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा वजन करायचं असं ठरलं. वजन चढू लागलं तर दूध पुरत होतं, फक्त पोहोचत नव्हतं. नाही चढलं, बाळ सुस्त पडलं, पाजायला उठेना, तर घरी थांबायचं नाही.

याच पहिल्या आठवड्यात कावीळही दिसते. सावळ्या कातडीवर पिवळेपण लपतं, म्हणून डोळ्यांचं पांढरं आणि हिरड्या उजेडात पाहाव्या लागतात. पहिल्या चोवीस तासांतली कावीळ कधीही साधी नसते. आणि कोवळं ऊन हा काविळीवरचा उपचार म्हणून वापरू नये, असं इथल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. डिसेंबरातल्या मँचेस्टरमध्ये तसा हा प्रश्नही फारसा उरत नाही.

पोटात आज्ञा असलेला दुसरा शब्द ‘वरचं दूध’. अंगावरचं नाही ते सगळं वरचं. त्यात पावडरही आली, गाईचं आलं, म्हशीचं पाणी घालून उकळलेलंही आलं. ‘वरचं सुरू करा’ म्हणताना आजीच्या डोळ्यांपुढे गाईचं पातळ केलेलं दूध असतं. ब्रिटनमध्ये वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून देत नाहीत. वरचं म्हणजे फॉर्म्युलाच. पातळ करायची सवय इथे घातक ठरते. बहुतेक डब्यांचं माप ठरलेलं असतं: तीस मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा, आधी पाणी, मग पावडर. पाणी जास्त झालं तर बाळाला पोषण कमी मिळतं आणि रक्तातलं मीठ उतरून झटकेही येऊ शकतात. चमचा जास्त झाला तर बद्धकोष्ठ आणि शुष्कता. पावडर निर्जंतुक नसते. म्हणून केटलीतलं पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ ठेवायचं नाही, ते सत्तर अंशांच्या खाली जाता कामा नये. मग बाटली थंड पाण्याखाली धरून निववायची.

आणि मध? एक वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही. मधातल्या जंतूंमुळे बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची हौस असेल, तर अंगठी नुसती बाळाच्या ओठाला लावून घ्यावी.

बाळंतिणीच्या स्वतःच्या तक्रारींना मराठीत ‘अंगा’चे शब्द आहेत. ‘अंगावरून जातंय’ यात लाल, पांढरं, पाणी सगळं येतं. मिडवाइफला रंग, वास आणि पॅड किती वेळात भिजतो ते हवं असतं. तासाभरात पॅड भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर ती तातडीची बाब. ‘छातीत गाठी झाल्या’ म्हणजे दूध साचलंय. पाजत राहायचं. लाल, गरम झालं आणि हुडहुडी भरून ताप आला, तर डॉक्टर. तिसरं ‘दुखणं अंगावर काढणं’. बाळंतिणीचा ताप असा अंगावर काढता येत नाही, त्यातून रक्तात जंतू पसरू शकतात.

शेवटचा मुद्दा दुभाष्याचा. घरच्या माणसांना दुभाषी करू नये, स्वतंत्र दुभाष्या द्यावा, असं नाइस सांगते. पण तो गरोदर स्त्रीसाठी. तिला इंग्रजी येतं, म्हणून कागदावर गरज नाही असं लिहिलं जातं, आणि घर चालवणाऱ्या आजीपर्यंत काहीच पोहोचत नाही. छापील पत्रकं गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दूत दिसतात; मराठीत क्वचितच. एक वाट आहे. बाळ दहा ते चौदा दिवसांचं झालं की हेल्थ व्हिजिटर घरी येते. त्या भेटीसाठी फोनवरचा मराठी दुभाष्या आधी मागून ठेवता येतो, आणि आजीलाच प्रश्न विचारू देता येतात. ऐनवेळी मागितला तर बहुधा हिंदीवर भागवतात. हिंदीत चिकाला खीस म्हणतात. साताऱ्याच्या आजीला त्यावरून बटाट्याचा कीस आठवेल. तेव्हा मागणी नोंदवताना ‘भारतीय भाषा’ असं न लिहिता मराठी असंच लिहावं.